आधी छाप वाचा, मग पावती

मंगळसूत्राच्या वाटीच्या मागच्या बाजूला किंवा साखळीच्या हुकाजवळच्या चपट्या कडीवर लेझरने कोरलेली एक बारीक ओळ असते. नुसत्या डोळ्यांना ती ओरखड्यासारखी वाटते. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरली की तिच्यातल्या तीन गोष्टी सुट्या दिसू लागतात. आधी एक त्रिकोणी चिन्ह, मग 22K916 असा मजकूर आणि शेवटी अक्षरं व अंक मिसळून केलेली सहा स्थानांची खूण. आयुष्यातलं पहिलं सोनं घ्यायला निघालेल्या माणसाला सराफीतलं बाकी काही कळलं नाही तरी चालेल. या तीन खुणा वाचता आल्या आणि त्या खुणा जे सांगत नाहीत ते पावतीत शोधता आलं, तर त्याला फसवणं फार कठीण आहे.

त्रिकोणी चिन्ह भारतीय मानक ब्युरोचं, म्हणजे बीआयएसचं. ब्युरोने मान्यता दिलेल्या केंद्रात हा दागिना तपासला गेला आहे, एवढंच ते सांगतं. पुढचा मजकूर शुद्धतेचा. शुद्ध सोनं चोवीस कॅरेटचं मानतात. बावीस कॅरेट म्हणजे चोवीस भागांत बावीस भाग सोनं आणि उरलेलं तांबं, चांदी वगैरे. हेच हजाराच्या हिशेबात मांडलं की ९१६ होतं. त्याच रीतीने अठरा कॅरेटला ७५०, चौदा कॅरेटला ५८५ आणि वीस कॅरेटला ८३३ लिहिलेलं असतं. इथे एक बाब ग्राहकाच्या बाजूची आहे. भारतीय मानकात उणी सूट नाही. ९१६चा छाप मारलेल्या दागिन्यात ९१२ भरले आणि सराफ ‘एवढं चालतंच’ म्हणाला, तर ते चालत नाही.

तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. तिला एचयूआयडी म्हणतात. प्रत्येक नगाला स्वतंत्र दिलेली ही ओळख. सोन्याच्या हॉलमार्किंगची योजना ब्युरोने २००० साली सुरू केली तेव्हा ती ऐच्छिक होती, आणि छापात केंद्राची खूण, सराफाची खूण अशी चिन्हं असत. ती चिन्हं कुठल्या केंद्राची नि कुठल्या दुकानाची हे सामान्य माणसाला कळायला काही मार्ग नव्हता. १६ जून २०२१पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने जिल्ह्याजिल्ह्यांत सक्तीचा होत गेला, त्याच वर्षी सहा स्थानांची ही ओळख आली आणि १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कचा नवा दागिना तिच्याशिवाय विकायला बंदी झाली. म्हणून आज दुकानात नवा म्हणून दाखवलेल्या दागिन्यावर फक्त जुनी चार चिन्हं असतील, तर तो तुम्ही घ्यायचा नाही. तुमच्या घरात आधीपासून असलेल्या दागिन्यावर तीच जुनी चिन्हं असतील तर मात्र काळजी नको. तो छाप आजही ग्राह्य आहे.

गल्लीतल्या दुकानांत अजूनही दोन शब्द मोठ्या विश्वासाने ऐकू येतात. एक ‘नऊशेसोळा’ आणि दुसरा ‘केडीएम’. नुसता ९१६ हा आकडा कुणीही ठोकू शकतं. कारागिराकडे तसा ठसा असतो, आणि त्यामागे कोणाचीही तपासणी नसते. त्रिकोण आणि एचयूआयडी सोबत नसेल तर त्या आकड्याला सराफाच्या शब्दाइतकीच किंमत. केडीएमचं प्रकरण वेगळं आहे. दागिन्याचे भाग एकमेकांना जोडायला डाग द्यावा लागतो. पूर्वी त्या डागात तांबं-चांदी इतकी असायची की दागिना वितळवला की एकूण शुद्धता खाली यायची. पुढे डागात कॅडमियम वापरायला लागले. त्यामुळे सोन्याचं प्रमाण टिकायचं, पण डाग देताना निघणारी कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसात जायची. ब्युरोच्या मानकात कॅडमियमला जागा नाही. त्यामुळे ‘केडीएम आहे, डोळे झाकून घ्या’ असं आजही सांगणारा दुकानदार एक तर जुनं बोलतो आहे, नाही तर मुद्दाम विषय बदलतो आहे.

हा छाप कशाच्या जोरावर मारला जातो, हे एकदा समजून घेतलं की त्याच्यावर किती विसंबायचं तेही कळतं. सराफ आपला माल तपासणी केंद्राकडे पाठवतो. तिथे आधी क्ष-किरणांच्या यंत्राखाली प्रत्येक नग जातो. दुकानात जे ‘कॅरेट मीटर’ म्हणून दाखवतात, ते याच जातीचं यंत्र. दागिन्याला धक्का न लावता ते मिनिटभरात आकडा देतं, पण त्याला दिसतो तो वरचा अगदी पातळ थर. आत काय आहे ते त्याला कळत नाही. जाड मुलामा दिलेला नग त्याच्यापुढे बावीस कॅरेटचा म्हणून खपू शकतो. म्हणून केंद्रात त्या मालातल्या काही नगांचा बारीकसा तुकडा काढून त्याची अग्निपरीक्षा करतात, आणि निकाल ठरतो तो तिच्यावर.

अग्निपरीक्षा हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. काही शे मिलिग्रॅम वजनाचा तुकडा अत्यंत नाजूक तराजूवर तोलतात. त्यात ठरावीक प्रमाणात शुद्ध चांदी घालून तो शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात. हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या छोट्या सच्छिद्र कुपीत ठेवून ती पुडी हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत जाते. शिसं वितळतं, हवेतला प्राणवायू घेतं आणि तांब्यासारख्या हलक्या धातूंना बरोबर घेऊन कुपीच्या अंगात मुरून जातं. कुपीत उरतो सोन्या-चांदीचा एक चकचकीत मणी. तो ठोकून, लाटून त्याची पट्टी करतात, पट्टीची गुंडाळी करतात आणि ती नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळून जाते. राहिलेली गुंडाळी तपकिरी, ठिसूळ दिसते. ती तापवली की सोन्याचा रंग येतो. तिचं वजन आणि सुरुवातीच्या तुकड्याचं वजन यांचं प्रमाण म्हणजे शुद्धता. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून आम्लाचा थेंब टाकणारे जुने पारखी डोळ्याने बरंच सांगू शकत, पण हजारातला एखादा भाग सांगणं या परीक्षेलाच जमतं.

तरीही दोन मर्यादा लक्षात असू द्या. तुकडा सगळ्या नगांचा काढत नाहीत, काहींचाच काढतात. तुमच्या हातातल्या नगावर कदाचित फक्त यंत्राचीच नजर पडलेली असेल. दुसरी मर्यादा मोठी आहे. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, आणि तेवढीच. सोनं किती आहे, त्याचा भाव काय लावला, घडणावळ किती घेतली, याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. पहिल्या खरेदीत पैसा जातो तो बहुतेक वेळा इथेच.

पण आधी छापाची पडताळणी पुरी करू. मोबाइलवर ‘BIS Care’ नावाचं ब्युरोचं मोफत ॲप घ्या. त्यात Verify HUID असा पर्याय आहे. सहा स्थानांची खूण तिथे टाकली की त्या नगाची माहिती येते. छाप कोणत्या सराफाने करून घेतला, कोणत्या केंद्राने मारला, शुद्धता किती, तारीख कोणती आणि दागिन्याचा प्रकार कोणता. यातली शेवटची गोष्ट लोक बघत नाहीत, आणि खोटेपणा पकडायला तीच कामी येते. ॲप एवढंच सांगतं की ही खूण खरी आहे. तुमच्या हातातल्या नगावर ती दुसऱ्याच्या नगावरून उतरवलेली नाही, हे ते सांगू शकत नाही. हातात साखळी आणि पडद्यावर अंगठी असं दिसलं, किंवा छापावर बावीस कॅरेट आणि पडद्यावर अठरा असं आलं, तर दागिना शांतपणे परत ट्रेमध्ये ठेवायचा.

उलट एका गोष्टीने घाबरून जायचं कारण नाही. पडद्यावर तुम्ही बसलात त्या दुकानाऐवजी दुसऱ्याच पेढीचं नाव येऊ शकतं. छाप पहिल्या विक्रीच्या टप्प्यावर होतो, आणि पुष्कळ दुकानं मुंबईच्या झवेरी बाजारातल्या किंवा बाहेरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून छाप मारलेला तयार माल उचलतात. नाव त्या व्यापाऱ्याचं दिसतं. दुकानदाराला विचारलं तर तो सहज सांगेल. सांगताना गडबडला तर मात्र नोंद घ्या.

आता हिशेबाकडे येऊ. समजा, कोल्हापूरच्या गुजरीत एक मुलगा आपल्या आईला घेऊन लग्नाचं मंगळसूत्र घ्यायला आला आहे. घरात याआधी कुणी दुकानातून नवं सोनं घेतलेलं नाही. काउंटरवर त्यांना दोन वाट्यांचं, काळ्या मण्यांच्या दोन सरांचं मंगळसूत्र आवडलं. तराजूवर वजन भरलं १३.४०० ग्रॅम. हिशेब सोपा राहावा म्हणून बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू आणि घडणावळ १२ टक्के.

सेल्समन कॅल्क्युलेटर पुढे ओढतो. आईने त्याच क्षणी विचारायचा प्रश्न असा: ‘दादा, यात निव्वळ सोनं किती?’

कारण १३.४०० हे ढोबळ वजन आहे. त्यात काळे मणी आले, मण्यांचा दोरा किंवा तार आली. मण्यांचं वजन १.९०० ग्रॅम असेल तर सोनं राहतं ११.५०० ग्रॅम. त्याचे झाले १,१५,००० रुपये. त्यावर १२ टक्के घडणावळ १३,८०० रुपये. दोन्ही मिळून १,२८,८००. त्यावर ३ टक्के जीएसटी ३,८६४ रुपये. हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा कर, म्हणजे ५३ रुपये. एकूण १,३२,७१७ रुपये. मण्यांची किंमत वेगळी लावली तर ती साध्या काचमण्यांची असते, तेवढीच असायला हवी.

हेच ढोबळ वजनावर बिल केलं तर काय होतं? १.९०० ग्रॅम काचेला सोन्याचा भाव लागतो, म्हणजे १९,००० रुपये. त्याच्यावर घडणावळ २,२८० आणि कर साधारण ६३८. एकूण २१,९०० रुपयांच्या वर रक्कम काळ्या मण्यांसाठी मोजली जाते. आता याची तुलना शुद्धतेच्या फसवणुकीशी करा. बावीस सांगून कुणी वीस कॅरेटचं सोनं गळ्यात मारलं, तर ११.५०० ग्रॅममध्ये शुद्ध सोनं कमी भरतं सुमारे ०.९५५ ग्रॅम, आणि याच भावाने त्याचे होतात साधारण १०,४०० रुपये. म्हणजे खोट्या कॅरेटपेक्षा वजनातली ही गंमत दुपटीहून महाग पडते. आणि त्या दागिन्यावरचा हॉलमार्क शंभर टक्के खरा असतो.

आपल्याकडच्या पारंपरिक दागिन्यांत हा धोका जास्त आहे. कोल्हापुरी साज, वज्रटीक अशा दागिन्यांत पोकळ मण्यांत किंवा पानांत लाख भरलेली असते. लाखेने आकार टिकतो, दागिना चेपत नाही, त्यात गैर काही नाही. पण लाखेचं वजन सोन्यात धरलेलं नसावं. खडे, मोती, मीना यांचंही तेच. विकणाऱ्याला हे वजन माहीत असतं, कारण त्याने घेताना ते वजा करूनच घेतलेलं असतं.

भावाकडेही एक नजर हवी. वर्तमानपत्रात किंवा बातम्यांत जो भाव दिसतो तो बहुधा चोवीस कॅरेटच्या दहा ग्रॅमचा असतो. बाजारात ‘तोळा’ म्हणतात तोही आता दहा ग्रॅमचाच. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता, आणि आजीच्या काळचा हिशेब काढताना त्यामुळे घोळ होतो. बावीस कॅरेटचा दागिना घेताना चोवीसच्या भावाला ०.९१६ने गुणून येईल तेवढाच भाव लागला पाहिजे. कागदावर २४चा भाव आणि दागिना २२चा, असं असेल तर ग्राहक सरळ नऊ टक्के जास्त देतो. दुकानात २२, १८ आणि १४ कॅरेटचे त्या दिवसाचे भाव वेगवेगळे लिहिलेले असावेत. नसतील तर विचारून लिहून घ्यावेत.

घडणावळीला कायद्याने ठरवलेला दर नाही. साध्या यंत्रावरच्या साखळीला ती कमी, हातकामाच्या बारीक नक्षीला जास्त. कुणी टक्क्यात सांगतं, कुणी ग्रॅममागे रुपयांत. काही दुकानं घडणावळ वेगळी आणि ‘घट’ वेगळी लावतात. घट म्हणजे घडवताना झिजलेल्या, उडालेल्या सोन्याचा भार. दोन्ही एकत्र करून किती टक्के पडतं हे पाहिल्याशिवाय दोन दुकानांची तुलना करू नये. ‘घडणावळीवर पन्नास टक्के सूट’ अशी पाटी पाहून आत गेलात तर सूट वजा जाऊन हातात पडणारा टक्का विचारा. शेजारच्या दुकानाची सूट नसलेली घडणावळ त्याहून कमी असण्याचा संभव आहे.

मग सराफ निवडायचा कशावरून? जुनी पेढी, मोठी काचेची दालनं, टीव्हीवरची जाहिरात, यांतलं काहीही मी निकष मानत नाही. जळगावच्या सराफ बाजाराचं नाव सोन्याच्या शुद्धतेसाठी महाराष्ट्रभर घेतात, पण ते नाव तुमच्या हातातल्या पावतीवर छापलेलं नसतं. माझा निकष साधा आहे. खरेदी ठरण्याआधी दुकानदार किती गोष्टी स्वतःहून दाखवतो, ते बघायचं. ब्युरोची नोंदणी असलेल्या सराफाने नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागी लावायचं असतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग ग्राहकासाठी काउंटरवर ठेवायचं असतं. ते मागितल्यावर ‘अहो ताई, आमच्यावर विश्वास नाही का?’ असं म्हणत ड्रॉवर शोधू लागणारा आणि ते हसत पुढे करून छाप कुठे आहे ते बोट ठेवून दाखवणारा, यांत फरक असतो. पन्नास वर्षांची पेढी आणि पाच वर्षांचं दुकान यांतल्या फरकापेक्षा तो मला मोठा वाटतो.

दुसरा प्रश्न परतीचा. ‘हाच दागिना दोन वर्षांनी तुमच्याकडे मोडीत दिला तर काय द्याल?’ असं घेतानाच विचारावं. वरच्या उदाहरणात घडणावळ, कर आणि हॉलमार्कचे मिळून १७,७१७ रुपये त्याच दिवशी खर्ची पडले. ते परत येत नाहीत. राहिलं सोनं. त्यावर त्या दिवसाच्या भावातून दोन टक्के कापणार की दहा, बदली दागिना घेतला तरच पूर्ण भाव की रोखही देणार, हे पावतीच्या मागे छापलेलं असेल तर उत्तम. नसेल तर पेनने लिहून सही-शिक्का घ्यावा. तोंडी सांगितलेलं मोडीच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

तिसरी गोष्ट भिशीची. दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि वर्षाच्या शेवटी दागिना घ्यायचा, अशा योजना नवख्या ग्राहकाला सोप्या वाटतात. पण ते बँकेतलं पैसे ठेवणं नव्हे. तुम्ही एका दुकानदाराला आगाऊ पैसे देत असता, तारण काही नसतं. २०१९च्या दिवाळीच्या तोंडावर मुंबई-ठाणे परिसरात अनेक शाखा असलेल्या एका सराफी पेढीने दारं बंद केली आणि हप्ते भरणारी कितीतरी कुटुंबं रस्त्यावर रांगा लावून उभी राहिली. पहिल्या खरेदीसाठी पैसे साठवायचेच असतील तर ते बँकेत आवर्ती ठेवीत साठवा आणि ज्या दिवशी दागिना घ्याल त्या दिवशी दुकानात द्या.

आणि पावती. याबाबत मला अजिबात तडजोड नको वाटते. ‘बिल नको असेल तर तीन टक्के वाचतील’ हे वाक्य अजून सगळीकडे ऐकू येतं. वरच्या हिशेबात ते वाचणारे पैसे ३,८६४ रुपये होतात. त्या बदल्यात ग्राहक दागिन्याबद्दल तक्रार करायचा सगळा हक्क सोडून देतो, कारण चिठ्ठीवर लिहिलेली बेरीज कुठल्याही मंचापुढे पुरावा म्हणून टिकत नाही. पक्क्या बिलात प्रत्येक नगाचं वर्णन, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि हजारातली शुद्धता, आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहिलेलं असलं पाहिजे. एचयूआयडी क्रमांकही बिलावर लिहून मागा. बिलात नुसतं ‘सोन्याचं मंगळसूत्र, १ नग’ एवढंच असेल तर ते बिल असून नसल्यासारखं आहे.

छाप असूनही शंका आली तर काय करायचं, हे फार थोड्यांना माहीत असतं. दागिना घेऊन ब्युरोची मान्यता असलेल्या कुठल्याही तपासणी केंद्रात ग्राहक स्वतः जाऊ शकतो. केंद्रांची यादी ब्युरोच्या संकेतस्थळावर मिळते. चार नगांपर्यंत शुल्क २०० रुपये, त्याहून जास्त असतील तर नगाला ४५ रुपये. केंद्राने लेखी निकाल द्यायचा असतो. तुकडा काढून अग्निपरीक्षा करायची तर दागिन्याला थोडं नुकसान होणार, ते आधी विचारून ठरवा. हॉलमार्क असलेला दागिना छापापेक्षा कमी शुद्धतेचा निघाला, तर २०१८च्या नियमांप्रमाणे शुद्धतेत जेवढी कमतरता आहे त्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि वर तपासणीचं शुल्क ग्राहकाला मिळतं. आपल्या मंगळसूत्रात बावीसऐवजी वीस कॅरेट निघालं असतं, तर १०,४०० रुपयांची तूट आणि जवळपास २०,८०० रुपये भरपाई. अट एकच, बिल पाहिजे.

या सगळ्या व्यवस्थेला एक मोठं भगदाड आहे आणि ते नेमकं कमी पैशांत पहिलं सोनं घेणाऱ्यांच्या वाटेवर आहे. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. बाळाच्या कानातल्या बाळ्या, चमकी, नाजूक अंगठी, छोटी नथ, एकेक ग्रॅमच्या कुड्या, हे सगळं यात बसतं. पहिल्या पगारातून आईसाठी काहीतरी घेणारी मुलगी बहुधा हेच घेते. शिवाय वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान सराफांना सक्तीतून वगळलं आहे, आणि कुंदन, पोलकी, जडाऊ कामालाही. म्हणजे गावातल्या ओळखीच्या सोनाराकडे घेतलेल्या एक ग्रॅमच्या कुड्यांवर छाप नसला तर त्याने नियम मोडलेला नाही.

अशा वेळी दोन वाटा आहेत. सक्ती नसली तरी छाप मारून देणारं दुकान निवडायचं, किंवा छापाशिवाय घ्यायचं आणि बिलावर कॅरेट, हजारातली शुद्धता व निव्वळ वजन हट्टाने लिहून घ्यायचं. लिहून द्यायला नकार देणाऱ्याकडून एक ग्रॅमही घेऊ नये, मग तो चार पिढ्यांच्या ओळखीचा असला तरी. खऱ्या सोनाराला हे लिहून द्यायला अडचण नसते. त्याने मुशीत काय ओतलं ते त्याला ठाऊक असतं.

घरात आजीच्या जुन्या पाटल्या किंवा बोरमाळ असेल आणि ती मोडून नवा दागिना करायचा असेल, तर घाई करू नका. छाप नसलेलं जुनं सोनं सराफ विकत घेऊ शकतो, त्याला बंदी नाही. पण दुकानात जाण्याआधी तपासणी केंद्रात जाऊन त्याची शुद्धता लेखी करून आणा. जुन्या दागिन्यांत डाग जास्त असतात, त्यामुळे बावीस सांगितलेलं सोनं वीसच्या आसपास भरणं नवल नाही. उलटही होतं, जुन्या पाटल्या कधी कधी बावीसच्या वर जातात आणि सराफ त्या बावीसच्या भावाने घेऊन मोकळा होतो. तुमच्या हातात केंद्राचा कागद असेल तर वाटाघाट त्या कागदावरून सुरू होते.

दागिना घरी आणल्यावर भिंगातून दिसणाऱ्या छापाचा मोबाइलवर फोटो काढा, बिलाचा फोटो काढा आणि दोन्ही घरातल्या आणखी एका माणसाकडे पाठवून ठेवा. छपाईची शाई काही वर्षांत पुसट होते, त्यामुळे फोटो उपयोगी पडतो. वजन, भाव किंवा छाप यांत काही गैर आढळलं तर ॲपमध्येच तक्रार नोंदवता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.